खोदाई किती?

आमच्याकडे साइट इंजिनिअरच्या मुलाखती दिवाळीच्या आगेमागे होतात. महाबळेश्वरात पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर ते मे एवढेच काय ते बांधकामाचे दिवस, त्यामुळे माणूस लागतो तो तेव्हाच. सातारा, कऱ्हाड, सांगलीकडची मुलं सकाळच्या एसटीनं पसरणीचा घाट चढून येतात. त्यांची तयारी चांगली असते. सळईचं मीटरला वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले 162, सिमेंटची गोणी 50 किलोची, क्यूब 28 दिवसांनी फोडायचा. ही उत्तरं सहसा कुणाची चुकत नाहीत. म्हणूनच मी ती विचारत नाही. एक शीट टेबलावर पसरतो, कोरा कागद आणि पेन्सिल देतो.

शीटवर एका रिटेनिंग वॉलचा सेक्शन आहे. बंगल्यामागचा चढ धरून ठेवायला 12 मीटर लांबीची आरसीसी भिंत. पाया 2.4 मीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर जाड, त्याखाली 10 सेंटिमीटर पीसीसी. भिंत पायावर 3 मीटर उंच, खाली 40 सेंटिमीटर आणि वर 20. पुढच्या अंगणाच्या पातळीपासून पीसीसीचा तळ 1.1 मीटर खाली. मागचा बांध अंगणापेक्षा 2.4 मीटर उंच. तो एका तुटक रेषेनं दाखवलाय आणि ती रेषा भिंतीच्या पुढच्या अंगाला खाली उतरते. सगळी गंमत त्या रेषेत आहे.

पहिला प्रश्न सोपा. भिंतीतली मुख्य सळई कोणत्या बाजूला? माती ढकलते, भिंत पुढं वाकू बघते, ताण मागच्या बाजूला येतो, म्हणून सळई मातीच्या अंगाला. हे बहुतेकांना येतं. मग काँक्रीट काढायला सांगतो. पायाचं साडेअकरा घनमीटर, भिंतीची सरासरी जाडी 30 सेंटिमीटर धरून 10.8, मिळून साधारण सव्वाबावीस. इथवर पेन्सिल भराभर चालते.

मग विचारतो, खोदाई किती?

पुष्कळ जण पीसीसीची रुंदी घेतात. दोन्हीकडे पंधरा-पंधरा सेंटिमीटर बाहेर धरून 2.7 मीटर, खोली 1.1, लांबी 12. उत्तर साडेपस्तीस घनमीटरच्या आसपास. गुणाकार बरोबर, पण ही खोदाई सपाट मैदानावरची झाली. तुटक रेषा पाहिलेला मुलगा सेक्शनचे दोन तुकडे करतो. पुढचा टो 60 सेंटिमीटर, पीसीसी धरून पाऊण मीटर. तेवढाच भाग 1.1 मीटर खोल. भिंत आणि मागची हील मिळून पीसीसीसह 1.95 मीटर, पण ती बांधाच्या पोटात जाते, तिथं वरून खाली 3.5 मीटर खणायचंय. पहिल्या तुकड्याचे सुमारे 10 घनमीटर, दुसऱ्याचे 82. म्हणजे 92, आणि तेही मागची कड सुरीनं कापल्यासारखी उभी राहिली तर.

ती राहील का? इथून पुढं सुरक्षेचे प्रश्न सुरू होतात, आणि ते मी वेगळे कधीच विचारत नाही. हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट ही यादी मुलं एका दमात म्हणतात. मी विचारतो, ही खोदाई चालू असताना फिटर सळई बांधायला कुठं उभा राहील? ज्यानं 1.1 मीटर खोली धरली त्याला त्यात धोका दिसत नाही. सरकारी कामांचे सुरक्षा नियम सांगतात की दीड मीटर किंवा त्याहून खोल चराची बाजू एकतर उतार देऊन मागं घ्यायची, नाहीतर टेकू-फळ्यांनी धरून ठेवायची. अंगणाकडून मोजलं तर आपण त्या मर्यादेच्या आत आहोत. पण फिटरच्या पाठीशी साडेतीन मीटरची मातीची कड उभी असते.

जांभा फसवा आहे. उन्हाळ्यात सरळ उभा राहतो, इतका की मुकादम म्हणतो, ‘साहेब, काही होत नाही, दहा वर्षं हा बांध असाच उभाय.’ पण जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकण माती असते, आणि झिरपून आलेलं पाणी तिथंच अडतं. कडेच्या तळाशी ओल दिसणं, वरून बारीक खडे घरंगळणं, बांधावर कडेला समांतर केसासारखी चीर जाणं, यातलं काहीही दिसलं की माणसं आधी बाहेर काढायची, चर्चा नंतर. या खुणा ज्याला सांगता येतात त्यानं निदान एक हंगाम डोंगरउतारावर काढलेला असतो.

कड मागं घ्यायची तर किती? एक मीटर उंचीला अर्धा मीटर धरला, तरी वरच्या टोकाला पावणेदोन मीटर मागं जावं लागतं. त्या त्रिकोणाचे जवळजवळ 37 घनमीटर वाढले. खोदाई आता 128 च्या पुढं गेली, सुरुवातीच्या आकड्याच्या साडेतीन पट. बिलात त्यातलं किती धरायचं हे टेंडरमधल्या मोजमापाच्या अटी ठरवतात आणि त्यावरून दरवर्षी भांडणं होतात; पण माती तर उचलावीच लागते. आपल्याकडं ती ब्रासमध्ये बोलतात. 128 घनमीटर म्हणजे 45 ब्रास, खणल्यावर ती फुगते, पाव पट धरली तरी 56-57. तीन ब्रासचा डंपर असेल तर एकोणीस फेऱ्या. ती खोदाईच्या कडेवरच टाकता येत नाही, कारण वजन पुन्हा त्याच कडेवर येतं. दरीत ढकलायची तर सोयच नाही. 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. भरावासाठी परत लागणारी माती कुठं ठेवणार, हे विचारलं की खोली शांत होते.

गेल्या हंगामात सांगलीकडची एक मुलगी आली होती. पदविका आणि एका छोट्या ठेकेदाराकडचा थोडा अनुभव, बाकी बायोडाटा एका पानात संपलेला. तिनं त्रिकोण काढला, मग थांबून विचारलं, ‘सर, मागं पावणेदोन मीटर जागा आहे का? हद्द कुठंय?’ हद्द दीड मीटरवरच होती आणि तिथं जांभळीचं झाड. मग उतार देता येत नाही. तिनं 12 मीटरचे तीन मीटरचे चार तुकडे पाडले. पहिला आणि तिसरा आधी खणायचा, टेकू लावून पाया-भिंत ओतायची, काँक्रीट पक्कं झाल्यावर भराव करायचा, मगच दुसऱ्याला आणि चौथ्याला हात घालायचा. वेळ जास्त जातो, शटरिंग दोनदा फिरतं, जोडाच्या जागी सळई बाहेर सोडून ठेवावी लागते. हे तोटेही तिनंच सांगितले.

मी म्हटलं, मेअखेर भराव झाला नाही तर? ती म्हणाली, मग खणूच नये, दिवाळीनंतर बघावं. इथं 22 जुलै 2021 ला एका दिवसात 590 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. अशा पावसात उघडी कड तर जातेच, पण भरावात पाणी तुंबलं तर पुरी झालेली भिंतही धोक्यात येते. भिंतीमागं पूर्ण उंचीनं साचलेल्या पाण्याचा दाब नुसत्या कोरड्या मातीच्या दाबापेक्षा जास्त भरतो. त्यासाठी भिंतीतून पाइप सोडायचे आणि त्यांच्यामागं दगडगोट्यांचा थर द्यायचा. पाइप शीटवर आहेत.

जाताना तिनं शीट पुन्हा ओढून घेतली. ‘पाइपांतून आलेलं पाणी पुढं अंगणात पडतंय, तिथून ते कुठं जातं? नाली दाखवलेली नाही.’ खरोखरच नव्हती. आम्ही डिझायनरला पत्र टाकलं, सुधारित शीट आली, तिच्यावर नाली आहे. ती मुलगी आता त्याच साइटवर आहे. मुलाखतीला मात्र मी जुनीच शीट वापरतो.