आकड्यामागची चाचणी

हिंगणघाट हा कापसाचा पट्टा. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने एम.टेक.साठी ‘पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणे’ हा विषय घेतला, तर त्याच्या वाचनात मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांचा २०१६ सालचा शोधनिबंध हमखास येतो. १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो, २६ रोग आणि ९९.३५ टक्के अचूकता, हे सगळं त्याच्या गोषवाऱ्यातच सापडतं. मग साहित्य आढाव्यात एक वाक्य पडतं: ‘लेखकांनी डीप लर्निंग वापरून ९९.३५ टक्के अचूकता मिळवली.’ या वाक्यात खोटं काही नाही, तरीही तो सारांश नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की मशीन लर्निंगच्या निबंधाचा सारांश आकड्यावर नव्हे, तर तो आकडा ज्या चाचणीतून आला तिच्यावर उभा राहिला पाहिजे.

म्हणून गोषवारा वाचून झाला की मी आधी पद्धतीच्या भागात जाते आणि तिथे मॉडेलच्या आधी डेटा पाहते. फोटो कुठे व कसे काढले, आणि शिकवण्याचे फोटो चाचणीच्या फोटोंपासून कसे वेगळे केले, हे दोन प्रश्न. या निबंधात पानं तोडून एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो घेतलेले आहेत. एकाच पानाचे अनेक फोटो असल्याने, जिथे तशी नोंद उपलब्ध होती तिथे, ते सगळे एकाच गटात राहतील याची काळजी लेखकांनी घेतली. ही काळजी घेतली नाही, तर पान आधीच पाहिलेलं असल्यामुळे मॉडेल पास होतं, आणि आकडा फुगतो. मग तक्ते आणि चर्चेचा भाग. तिथे लेखकच सांगतात की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर येते. निबंधातल्या ३८ वर्गांत नुसता अंदाज मारला तर साधारण २.६ टक्के मिळतील, म्हणजे ३१ हे काहीच नाही असं नव्हे. पण ९९ आणि ३१ यांच्यातलं अंतर हाच या निबंधातला आढाव्यासाठी सर्वांत मोलाचा भाग आहे. पुढे २०२२ मध्ये नोयान यांनी याच संग्रहातल्या फोटोंच्या पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं आणि त्याला ४९ टक्के अचूकता मिळाली. पान न पाहताच रोग निम्म्या वेळा ओळखता येत असेल, तर रोगाची काही खूण पार्श्वभूमीतच सांडलेली आहे.

आता तो सारांश असा लिहिता येतो: ‘एकसारख्या पार्श्वभूमीवरच्या फोटोंवर ९९.३५ टक्के, वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर सुमारे ३१ टक्के. याच संग्रहात पार्श्वभूमीतूनही वर्ग ओळखता येतो, असं पुढे दिसून आलं. संग्रहात कापूस नाही.’ शेवटचं वाक्य कुठल्याही गोषवाऱ्यात मिळणार नाही, पण कापसावर काम करणाऱ्याच्या आढाव्यात ते यायलाच हवं. कारण गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, पानाच्या फोटोत ती दिसत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग मोजतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीचा विचार, असा आर्थिक नुकसानीच्या पातळीचा प्रचलित निकष आहे. मुंबईच्या वाधवानी एआयने सापळ्यातल्या पतंगांच्या फोटोंवरच काम केलं. तिथे प्रश्न वर्ग ओळखण्याचा नसून मोजणीचा आहे, त्यामुळे मोजमापही बदलतं. म्हणून या दोन कामांची अचूकता एकाच रकान्यात शेजारी मांडणं चूक आहे.

यावर आक्षेप येईल की तीस-चाळीस निबंध असे वाचायला वेळ कुठे? पण सगळे असे वाचायचेच नाहीत. गोषवारा, तक्ते आणि डेटाचा परिच्छेद पाहून बहुतेक निबंध एका ओळीत आटोपतात. ज्यांच्यावर तुमचा प्रश्न उभा आहे, ते मोजकेच शेवटपर्यंत वाचायचे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विद्यार्थ्याने नामवंतांच्या कामात उणिवा काढाव्यात का? पण वर दिलेल्या सारांशात उणीव काढलेली नाही. ३१ टक्के हे लेखकांनी स्वतःच छापलेलं आहे, ते गाळणं हाच त्यांच्यावर अन्याय. तिसरा आक्षेप तुलनातक्त्याचा. मार्गदर्शकांना तो हवा असतो आणि तो असावाच. फक्त त्यात अचूकतेच्या अलीकडे ‘डेटा कुठला’ आणि ‘चाचणी कशावर’ असे दोन रकाने घाला. निबंधात त्यांचं उत्तर मिळत नसेल, तर ‘नमूद नाही’ असं लिहा. ‘चाचणी कशावर’ हा रकाना वरून खाली वाचताना शेतात काढलेल्या फोटोंवरची चाचणी किती ठिकाणी आहे आणि किती ठिकाणी नाही, ते समोर येतं. आपल्या प्रबंधाचा प्रश्न तिथूनच काढावा.