दुबईला जायचे, पण कोणत्या महिन्यात?

आमच्या धाकट्या भावाला दुबईत नोकरी लागली, अलहमदुलिल्लाह. आम्ही दोघे नवरा-बायको अकरा वर्षांपासून इथेच असल्यामुळे घर, शाळा, सामान यांची विचारपूस आमच्याकडेच सुरू झाली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी एकत्रच यायचे, असे चिपळूणच्या घरात ठरत होते. भाऊ, भावजय, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि अडुसष्ट वर्षांच्या अम्मी. हवेचा विषय काढला तेव्हा भाऊ फोनवर हसला. म्हणाला, "भाईजान, चिपळूणचा मे महिना आम्ही दरवर्षी काढतो. घामाची आम्हाला काय भीती?"

हे म्हणणे कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येते. आमचे विदर्भाकडचे शेजारी याच्या उलट बोलतात. ते म्हणतात, नागपुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, मग दुबईच्या ४१ अंशांचे काय कौतुक? दोघांचेही आपापल्या गावापुरते खरे आहे. पण कोकणात घाम आहे आणि ४१ अंश नाहीत, नागपुरात ४१ अंश आहेत आणि घाम टिकत नाही. ऑगस्टच्या दुबईत दोन्ही एकत्र येतात. ही गोष्ट तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही आणि 'आर्द्रता इतके टक्के' या आकड्यावरून तर अजिबात कळत नाही.

टक्क्यांनी फसायला कसे होते ते पाहा. जुलैमध्ये चिपळूणला पाऊस लागलेला असतो. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. ऑगस्टमध्ये दुबईत रात्री नऊ वाजता तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असू शकते. आकडे पाहून कोणीही म्हणेल की चिपळूणची हवा जास्त दमट आहे. पण टक्के म्हणजे हवेत किती पाणी आहे ते नव्हे. त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती हिश्शाने ती भरली आहे, एवढेच टक्के सांगतात. हवा जितकी गरम, तितकी तिची वाफ धरण्याची ताकद मोठी. हिशेब केला तर चिपळूणच्या त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २४ ग्रॅम पाणी निघते आणि दुबईच्या त्या रात्रीच्या हवेत २८ ग्रॅम. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी, ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, ते जेमतेम ११ ग्रॅम असते.

आपले शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, घाम उडून गेल्याने. नागपुरात घाम अंगावर दिसायच्या आधीच उडतो, म्हणून तिथे कूलर चालतो आणि वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारले की खोली गार होते. दुबईच्या ऑगस्टमध्ये कूलर लावला तर खोलीत आणखी वाफ भरते, गारवा येत नाही. चिपळूणला मे महिन्यात घाम टिपकतो खरा, पण पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो, पंख्याखाली बसले की जिवाला बरे वाटते, आणि जूनमध्ये पाऊस येऊन सगळे निवळते. इथे तो पाऊस नाही. दुबईत वर्षभरात मिळून सुमारे शंभर मिलीमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो, तोही बहुतेक डिसेंबर ते मार्च या काळात. म्हणून आपल्याकडे मेमध्ये संपणारा उन्हाळा इथे तेव्हा कुठे रंगात येत असतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत रेंगाळतो.

याचे कारण समुद्रात आहे. इराणचे आखात उथळ आहे, सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास. उथळ भांड्यातले पाणी लवकर तापावे तसे ते तापते. ऑगस्टमध्ये त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ३३ अंशांच्या पुढे जाते. दुपारनंतर या समुद्रावरून वारा शहराकडे येतो आणि वाफ घेऊन येतो. त्यामुळे संध्याकाळ म्हणजे सुटका, हा आपला गावाकडचा हिशेब इथे चालत नाही. चिपळूणला मगरिबनंतर ओट्यावर बसले की वाऱ्याची झुळूक येते. इथे ऑगस्टमध्ये मगरिबनंतर पारा थोडा उतरतो, पण वाफ वाढते आणि रात्रभर तापमान तिसाच्या खाली जाईलच असे नाही. थंडगार इमारतीतून बाहेर पाऊल टाकले की चष्म्याच्या काचांवर धुके जमते, तेव्हा समजावे की आज हवेत पाणी फार आहे. अशा दिवशी "ऊन गेले, आता मुलांना बागेत नेऊ" असे आम्ही करत नाही.

हे सगळे भावाला सांगितल्यावर आम्ही त्याच्यासमोर महिन्यांचा हिशेब मांडला. चिपळूणजवळची नोंद म्हणून रत्नागिरीचे आकडे घेतले. ऑगस्टमध्ये रत्नागिरीचे दुपारचे तापमान सरासरी २८-२९ अंश असते आणि दुबईचे ४१. म्हणजे विमानात अडीच-तीन तास बसून माणूस बारा अंश वर चढतो, तेही पावसाला सरावलेले अंग घेऊन. आता हाच प्रवास नोव्हेंबरच्या मध्यावर केला तर? आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा सरता सरता रत्नागिरी तेहतीस अंशांच्या आसपास असते आणि दुबई तीस-एकतीसवर आलेली असते. तोच प्रवास आता उतरणीचा होतो. शरीराला काही सोसावेच लागत नाही, उलट माणूस म्हणतो, अरे, इथली हवा किती छान! पुढे उन्हाळा येतो तो हळूहळू, महिन्याला चार-पाच अंश चढत, आणि शरीर त्याच्याबरोबर तयार होत जाते.

नव्या उष्णतेला सरावायला निरोगी माणसाला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पण वय वाढले की ही तयारी मंदावते आणि तहानही कमी लागते. अम्मींना रक्तदाब आहे आणि त्यांच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी आहे. ही गोळी अंगातले पाणी आणि मीठ बाहेर काढते. उष्णतेत घामही तेच करतो. दोन्ही एकत्र आले की उठताना भोवळ येते, पायात गोळे येतात. म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि डॉक्टरांना न विचारता तिच्यावर मिठाचे पाणीही प्यायचे नाही. निघण्याआधी डॉक्टरांना "आम्ही आखातात जात आहोत" हे शब्द सांगून मात्रा विचारून घ्यायची. आणि या हवेत कोणी असंबद्ध बोलू लागले, चालताना झोक जाऊ लागला, अंग तापून निघाले, तर तो नुसता थकवा समजायचा नाही. घाम येत असला तरीही तो उष्माघात असू शकतो. लगेच गारव्यात न्यायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि ९९८ वर रुग्णवाहिका बोलवायची.

अखेर असे ठरले. मोठ्या पुतणीची शाळेतली जागा ऑगस्टअखेरीची आहे, ती सोडता येत नाही. त्यामुळे भावजय आणि मुले शाळा उघडण्याच्या दहा-बारा दिवस आधी येतील. त्या दिवसांत रोज पहाटे फजरनंतर वीस मिनिटे, मग तीस मिनिटे बाहेर, असे करत मुलांचे अंग सरावेल. दुपारी साडेबारा ते तीन बाहेर जायचे नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांनाही इथला कायदा याच वेळेत सुट्टी देतो. तीच रेघ आम्ही घरासाठी धरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर जुम्याचा खुतबा दहा मिनिटांत संपवण्याची सूचना सरकारने दिली होती, कारण मशिदीत जागा न मिळालेले लोक बाहेर उन्हात बसलेले असतात.

अम्मी मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतील, इन्शाअल्लाह. तोवर खेडला बाजीकडे राहतील. हे त्यांना सांगणे सोपे नव्हते. "नातवंडे तिकडे आणि मी इकडे, एका हवेपायी?" असे म्हणून त्या दोन दिवस गप्पच होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन करून विचारले, तिथे वुजूचे पाणी तरी गार असते का?

प्रश्न बरोबर होता. पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जोहरच्या वेळी थंड नळातूनच कढत पाणी येते. आम्ही जूनपासून सप्टेंबरपर्यंत गिझर बंद ठेवतो. गिझरची टाकी घराच्या आत, एसीच्या गारव्यात असते, म्हणून तिच्यातले पाणी निवते. मग वुजूसाठी आम्ही गरम पाण्याचा नळ सोडतो आणि त्यातून सोसवेल असे पाणी येते. हे ऐकून अम्मी पहिल्यांदा हसल्या.

त्यांच्या बॅगेत आम्ही एक गोष्ट मुद्दाम घालायला सांगितली आहे, ती म्हणजे स्वेटर आणि जाड शाल. आखात म्हणजे उकाडाच, असे धरून चालणारे लोक जानेवारीत कुडकुडतात. दुबईत तेव्हा पहाटेचे तापमान चौदा-पंधरापर्यंत उतरते, वाळवंटाकडे त्याहून खाली. रत्नागिरीत जानेवारीची पहाट एवढी गार नसते. मुलांची शाळेची बस भल्या सकाळी येते, म्हणून त्यांचीही गरम कपडे हवीत. अम्मींची पहिली दुबई ही असेल. उन्हाळ्याची ओळख त्यांना पुढे एप्रिल-मेमध्ये होईल, सावकाश, घरात बसून.