पाटीवरची अक्षरे दुकानाच्या मालकीची

बँकेच्या नोकरीत आयुष्याचा मोठा काळ सह्या आणि अक्षरे तपासण्यात गेला. धनादेशावरील नावातील एखादा काना किंवा वेलांटी चुकली, तर तो परत पाठवावा लागे. निवृत्तीनंतर परिचित व्यापाऱ्यांसाठी फलक, बोधचिन्हे आणि सणाची शुभेच्छापत्रे संगणकावर विनामूल्य साधनांनी तयार करू लागलो, तेव्हा ही जुनी सवय कामी आली. चित्र काढणे, रंग भरणे, चौकट आखणे ही कामे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उत्तम करते. खरी कसोटी असते ती मराठी अक्षर आपल्या पडद्यावरून छपाईच्या यंत्रापर्यंत न मोडता पोहोचविण्याची, आणि त्या अक्षरांची मूळ फाइल दुकानदाराच्या हाती ठेवण्याची.

एका कामाचा तपशील सांगितला म्हणजे हे स्पष्ट होईल. चाटी गल्लीतील माझ्या एका स्नेह्यांचे चादरी आणि शालींचे दुकान आहे. त्यांनी एका दिवाळीसाठी सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच फ्लेक्स करवून घेतला होता. तो हाती आला तेव्हा ‘हार्दिक’मधील वेलांटी ‘द’च्या पुढे जाऊन बसली होती, रफार सुटून ‘र’चा पाय मोडला होता आणि ‘शुभेच्छा’मधील जोडाक्षराचे दोन तुकडे झाले होते. सण दोन दिवसांवर आलेला. फलक तसाच लागला. शेठ मला म्हणाले, “साहेब, मजकूर तर आम्ही बरोबरच पाठवला होता. मग बिघडला कुठे?”

तो बिघडतो फाइल उघडताना. आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोड या जागतिक पद्धतीने साठविले जाते. त्यात ‘दि’ हा ‘द’ आणि मग वेलांटी या क्रमाने असतो. वेलांटी अक्षराच्या अलीकडे नेऊन दाखविण्याचे काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. अनेक छपाईवाल्यांकडे मात्र जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात. त्यांत प्रत्येक आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेला असतो. युनिकोडमधील मजकुराला असा फॉन्ट लावला की पडद्यावर चौकोन किंवा निरर्थक चिन्हे उमटतात. रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती फार जुनी असेल, तर युनिकोडचा फॉन्ट असूनही वेलांट्या आणि जोडाक्षरे सुटी पडतात. घाईच्या दिवसांत तिकडे लक्ष जात नाही.

यावर उपाय साधा आहे: छपाईला मजकूर पाठवायचाच नाही, अक्षरांचे आकार पाठवायचे. त्यासाठी मी इंकस्केप वापरतो. हे पूर्णपणे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर inkscape.org येथून उतरवून घेता येते. `Document Properties` मध्ये एकक इंच करून रुंदी ७२ आणि उंची ३६ ठेवली, की सहा बाय तीन फुटांचा कागद तयार होतो. मजकूर टंकून, रचना मनासारखी झाली की फाइल प्रथम जशीच्या तशी जतन करावी. मग तिची दुसरी प्रत करून सर्व मजकूर निवडावा आणि `Path` या यादीतील `Object to Path` ही आज्ञा द्यावी. त्या क्षणापासून ‘हार्दिक’ हा शब्द राहत नाही, ते एक चित्र होते. कोणत्याही संगणकावर, फॉन्ट असो वा नसो, ते तसेच दिसते. ही दुसरी प्रत पीडीएफ स्वरूपात जतन करून छपाईला द्यावी. आज्ञा लागू झाली की नाही याची खूणही सोपी आहे: पीडीएफ उघडून एखादा शब्द निवडण्याचा प्रयत्न करावा. शब्द निवडला गेला, तर तो अजून मजकूरच आहे.

यानंतर प्रश्न येतो फॉन्टचा. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे आहे. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे प्रमाण मानली आहेत. परंतु फुकट मिळणारे बरेच देवनागरी फॉन्ट आपणहून हिंदी वळण दाखवितात. काहींत मराठी रूप दडलेले असते आणि भाषा मराठी निवडल्यावरच ते बाहेर येते. म्हणून फॉन्ट पाहताना मी प्रथम ‘शाल’ हा शब्द टंकून बघतो. दोन्ही अक्षरांची परीक्षा एकाच शब्दात होते. fonts.google.com येथे `Tiro Devanagari Marathi` हा फॉन्ट मिळतो, त्यात मराठी वळण आरंभापासूनच आहे. त्याला जाड वजन मात्र नाही. म्हणून तो दुकानाच्या नावासाठी मोठ्या आकारात वापरावा, बारीक ओळींसाठी नव्हे.

आपल्या पेठेत कन्नड, तेलुगू आणि गुजराती वाचणारी गिऱ्हाइकेही येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले बलू कुटुंब इथे फार उपयोगी पडते. देवनागरीसाठी `Baloo 2`, गुजरातीसाठी `Baloo Bhai 2`, कन्नडसाठी `Baloo Tamma 2` आणि तेलुगूसाठी `Baloo Tammudu 2` अशी ही भावंडे आहेत. त्यांचा गोल, भरीव घाट सारखाच असल्यामुळे चार लिपींतील ओळी एकाच दुकानाच्या वाटतात. पाटीवर मराठी मजकूर इतर लिपीपेक्षा लहान असू नये, हा कायद्याचा नियम मात्र मांडणी करतानाच लक्षात ठेवावा. वरील सर्व फॉन्ट मुक्त परवान्याखाली असल्याने व्यापारी कामासाठीही वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल स्वतंत्र माल म्हणून विकता येत नाही.

शेठजींच्या मुलाने फलकासाठी चादरींचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठविला आणि विचारले, “काका, हा फोटो पूर्ण फलकभर पसरवता येईल का?” इथे थोडे गणित करावे लागते. फ्लेक्स जवळून पाहायचा असेल, तर इंचाला सुमारे ७२ ठिपके असावेत असा माझा हिशेब असतो. व्हॉट्सॲपवर साधेपणाने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १,६०० ठिपक्यांची उरते. तो ७२ इंचांवर ताणला तर इंचाला जेमतेम २२ ठिपके पडतात आणि चादरीचा पोत पुसट होतो. तोच फोटो दोन फुटांच्या, म्हणजे २४ इंचांच्या चौकटीत बसविला तर इंचाला ६६ पडतात, ते चालते. आम्ही फोटो दोन फुटांचाच ठेवला. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला तर ठिपके कमी होत नाहीत, हेही मुलाला सांगितले. रंगांच्या बाबतीत पडद्यावर विसंबू नये. पडद्याचा प्रखर निळा छपाईत जांभळट होतो आणि झगझगीत हिरवा मंदावतो. म्हणून संपूर्ण फलकाआधी एक फुटाचा तुकडा छापून पाहावा.

मग बोधचिन्ह. तयार नमुन्यांच्या संकेतस्थळांवरून चिन्ह उचलण्याचा मोह सर्वांनाच होतो. ते नमुने हजारो जणांना खुले असतात, त्यामुळे आपल्या चिन्हासारखेच चिन्ह दुसऱ्या गावच्या दुकानावर दिसू शकते. शिवाय अशा उसन्या चित्रांवर ट्रेडमार्कचा एकट्याचा हक्क सांगता येत नाही. आम्ही चिन्ह दुकानातच शोधले. चादरीच्या काठावरची नक्षी ही मुळात चौकोनांची पायरी असते. इंकस्केपमध्ये चौकटींची जाळी लावून बारा बाय बारा घरे धरली. डावीकडील सहा स्तंभ भरले, त्यांची प्रत काढून `H` ही कळ दाबली. आरशातल्यासारखा उजवा अर्धा मिळाला आणि नक्षी पूर्ण झाली.

बारा घरांचा आकडा मुद्दाम निवडला होता. हेच चिन्ह बिलावरच्या रबरी शिक्क्यात १२ मिलिमीटरचे होते, तेव्हा प्रत्येक घर एक मिलिमीटरचे पडते आणि शाई पसरली तरी आकार ओळखू येतो. चोवीस घरे घेतली असती, तर शिक्क्याचा नुसता डाग उमटला असता. रंगही एकच ठेवला, कारण कापडी पिशवीवर स्क्रीन छपाई करताना प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते आणि खर्च त्या प्रमाणात वाढतो.

दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी नव्याने काहीच करावे लागले नाही. त्याच फाइलमधील चिन्ह आणि नाव १,०८० बाय १,०८० ठिपक्यांच्या चौरसात मांडून पीएनजी स्वरूपात काढले. मोबाइलच्या स्टेटससाठी उंची १,९२० केली. आपल्या घरांतून जाणाऱ्या पत्रांवर संवत लिहिण्याची रीत आहे आणि जुने पत्र नक्कल करताना घोटाळा होतो तो इथेच. पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, वीर निर्वाण संवत आणि व्यापाऱ्यांचा विक्रम संवत दोन्ही बदलतात; शालिवाहन शक मात्र गुढीपाडव्यापर्यंत तोच राहतो. २०२५ च्या पाडव्याला विक्रम संवत २०८२ आणि वीर निर्वाण संवत २५५२ सुरू झाले, शक १९४७ कायम राहिला. पडताळा सोपा आहे: विक्रम संवतात ४७० मिळविले की वीर निर्वाण संवत आला पाहिजे.

काम संपल्यावर शेठजींना एका पेनड्राइव्हमध्ये तीन गोष्टी दिल्या: मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल, छपाईसाठी आकारांत रूपांतर केलेली पीडीएफ आणि वापरलेल्या फॉन्टच्या फाइली. पूर्वी हे सारे छपाईवाल्याकडे असे. दूरध्वनी क्रमांक बदलला तरी पूर्ण फलक पुन्हा मांडण्याचे पैसे द्यावे लागत आणि त्यांच्याकडील संगणक बिघडला की दुकानाचे अक्षरही हरवे. आता पेनड्राइव्ह खातेवह्यांच्या कपाटात ठेवलेला आहे. पुढच्या दिवाळीचा संवत मुलाने स्वतःच बदलला. छपाईला देण्यापूर्वी मला फक्त पीडीएफ दाखवायला आणली. मी ‘हार्दिक’ शब्द निवडून पाहिला. निवडला गेला नाही.