ओठ मिटतात तिथे

इंग्रजीत ‘आय लव्ह यू’ म्हणायला तीन अक्षरं लागतात. अक्षर म्हणजे इथे लिहिण्यातलं नाही, उच्चारातलं: एका दमात बाहेर पडणारा आवाजाचा एक तुकडा. रशियनमध्ये तेच पूर्ण वाक्य ‘या तेब्या ल्यूब्ल्यू’ असं होतं. मोजून पाच. पडद्यावरच्या नटीचे ओठ तीन अक्षरांत थांबलेत आणि तिच्या तोंडून अजून दोन बाहेर यायची आहेत, अशी परिस्थिती. आता काय करायचं?

रशियन डबिंगमध्ये यावर एक जुना, सोपा आणि फार सुंदर उपाय आहे: नुसतं ‘ल्यूब्ल्यू’ म्हणायचं. क्रियापदाच्या शेवटावरूनच ‘मी’ कळतो, जसा मराठीत ‘येतो’ म्हटलं की ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही. ‘तुला’ हे समोर कोण उभं आहे त्यावरून कळतं. पण खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीत ‘लव्ह’च्या शेवटी खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, आणि रशियन शब्दात जवळपास त्याच क्षणी ‘ब’साठी ओठ मिटतात. ‘यू’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, रशियन शब्दही ‘यू’वरच संपतो. आवाज बंद करून पाहिलंत तर दोन्ही तोंडं जवळजवळ सारखी दिसतील.

मी भाषांतरकार नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि आमची कंपनी व्हिडिओचे अनुवाद करणाऱ्यांसाठी एडिटर बनवते. डावीकडे चित्र, उजवीकडे संवाद, खाली टाइमकोड. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलोय, म्हणून रशियन भाषेचं काम माझ्याकडे आलं. ते वापरून बघायला मॉस्कोहून एक बाई रोज ऑनलाइन यायच्या. त्यांच्या कामाला रशियनमध्ये ‘उक्लाद्का’ म्हणतात. शब्दशः अर्थ नीट रचून ठेवणं, घड्या घालून बॅगेत बसवतो तसं. अनुवाद दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो, उक्लाद्का करणारी व्यक्ती तो तोंडात बसवते. मी इंजिनिअर असल्यामुळे मला वाटायचं की हे मुख्यतः लांबीचं काम आहे. लांबी हा त्यातला सोपा भाग निघाला.

रशियात परदेशी सिनेमा ऐकण्याच्या दोन वेगळ्या सवयी आहेत. एक डबिंग, ज्याला ते ‘दुब्ल्याश’ म्हणतात. मूळ आवाज पूर्ण काढून टाकायचा आणि नवे नट बोलवायचे. राज कपूरचा ‘आवारा’ 1954 मध्ये सोव्हिएत थिएटरांत लागला तो असाच, संवाद रशियनमध्ये आणि गाणी मात्र हिंदीतच. दुसरी सवय म्हणजे व्हॉइस-ओव्हर, त्यांच्या भाषेत ‘चौकटीमागचा अनुवाद’. मूळ आवाज हळू करून चालू ठेवायचा आणि त्याच्यावर रशियन आवाज चढवायचा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चोरट्या व्हिडिओ कॅसेट अशाच असायच्या. आंद्रेई गाव्रिलोव, लिओनिद वोलोदार्स्की, अलेक्सेई मिखाल्योव असा एकच माणूस सगळ्या पात्रांचं बोलायचा, हिरोचं, हिरॉइनचं, पोराचंही. बऱ्याचदा चित्रपट चालू असतानाच तोंडी अनुवाद व्हायचा. वोलोदार्स्कींचा आवाज नाकात असल्यामुळे लोक म्हणायचे की ओळख लपवायला ते नाकाला कपड्यांचा चिमटा लावतात. ती अफवाच होती, पण तो काळ बघता पटण्यासारखी.

एकच माणूस का? डबिंगला पार्श्वसंगीत आणि दारांचे, पावलांचे आवाज संवादांपासून वेगळ्या ट्रॅकवर मिळावे लागतात. नाहीतर संवाद पुसताना पाऊसही पुसला जातो. कॅसेटवर सगळं एकत्र असायचं, म्हणून वरून बोलणं हाच मार्ग उरला. पुढे टीव्हीवर दोन किंवा जास्त आवाज घेऊन हीच पद्धत रुळली.

आता एक वाक्य घेऊ. आमच्याकडे चाचणीसाठी एक इंग्रजी लघुपट होता. ग्राहकाला दोन्ही पद्धती शेजारी शेजारी बघायच्या होत्या, त्यामुळे एकाच दृश्याचं दोनदा काम झालं. बहीण दार उघडते, दारात भाऊ. तो दुसऱ्या गावाहून ट्रेनने आलाय. ती म्हणते: ‘आय डिडन्ट नो यू वर कमिंग. नोबडी टोल्ड मी.’ तेरा अक्षरं, 2.4 सेकंद. क्लोज-अप.

सरळ रशियन अनुवाद असा: ‘या ने झ्नाला, श्तो ती प्रियेदेश. म्ने निक्तो ने स्काझाल.’ पंधरा अक्षरं. रशियनमध्ये अक्षरं मोजणं प्रोग्रामरच्या दृष्टीने स्वर्ग आहे, कारण जितके स्वर तितकी अक्षरं. ‘व’ किंवा ‘स’ अशी एका व्यंजनाची शब्दयोगी अव्ययं पुढच्या शब्दाला चिकटतात, त्यामुळे त्यांचं शून्य येतं तेही बरोबरच. आमच्या एडिटरमधला मोजणारा भाग खरंच एवढाच आहे:

```python
def syllables(line):
    return sum(c in "аеёиоуыэюя" for c in line.lower())
```

पंधरा भागिले 2.4, म्हणजे सेकंदाला सहाच्या वर. बोलता येतं, पण घाईचं वाटतं. बाईंनी पहिला ‘या’, म्हणजे ‘मी’, काढला. चौदा झाली. इथे रशियन मदतीला येतं, कारण भूतकाळी क्रियापदात लिंग असतं. पुरुष ‘झ्नाल’ म्हणेल, स्त्री ‘झ्नाला’. आपल्याकडे ‘आलो’ आणि ‘आले’ असतं तसंच.

मग ओठ. ‘कमिंग’मधल्या ‘म’ला नटीचे ओठ मिटतात, रशियन ‘प्रियेदेश’चा ‘प’ साधारण तिथेच पडतो. सुदैव. पण दुसरं वाक्य ‘मी’वर संपतं, म्हणजे शेवटच्या क्षणी ओठ स्पष्ट मिटतात आणि मग ती गप्प होते. सरळ अनुवाद ‘स्काझाल’वर संपतो, उघड्या तोंडाने. बाईंनी शब्द फिरवले: ‘निक्तो ने स्काझाल म्ने.’ तीच सहा अक्षरं, तोच अर्थ, पण ‘म’ आता शेवटी. रशियनमध्ये विभक्ती शब्दालाच चिकटलेली असल्यामुळे शब्दांची जागा बदलता येते. फुकट मात्र नाही. बोलताना ‘म्ने’ सहज पुढे येतं, शेवटी ठेवलं की वाक्य थोडं पुस्तकी लागतं, आणि ‘मला’वर जोर आल्यासारखा वाटतो. मी विचारलं, ‘‘नोबडी’मधल्या ‘ब’ला ‘म’ बसवलं तर? म्हणजे ‘निक्तो म्ने ने स्काझाल’?’

त्या म्हणाल्या, ‘मधला ओठ कोणी बघत नाही. शेवटचा बघतात, कारण त्यानंतर बघायला दुसरं काही नसतं.’

हे वाक्य मी माझ्या नोट्समध्ये लिहून ठेवलंय. आमच्या टूलमध्ये सगळ्या ओष्ठ्य अक्षरांना सारखाच लाल रंग होता. त्यानंतर वाक्याच्या शेवटच्या ओष्ठ्याला वेगळा, गडद रंग दिला.

याच वाक्यात आणखी एक मोह लपलाय. इंग्रजी ‘कमिंग’ला रशियनमध्ये ठरवावं लागतं की माणूस पायी आला की वाहनाने. वाहनाने येशील तर ‘प्रियेदेश’, तीन अक्षरं. पायी येशील तर ‘प्रिद्योश’, दोन. एक अक्षर वाचतं, ‘प’ही जागेवर राहतो, आमचा आकडा खुशीने हिरवा होतो. फक्त भाऊ शेजारच्या गल्लीतून चहाला आल्यासारखा होतो. बाईंनी तो शब्द टाइप करूनही पाहिला नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ असतं तर हेच क्रियापद चार अक्षरांचं झालं असतं. तू की तुम्ही हे नात्यावरून ठरलं पाहिजे, पण ज्यांचं नातं चित्रपटात नीट सांगितलेलं नाही अशा दोन पात्रांमध्ये हा निर्णय घड्याळही घेत असावं, असा मला दाट संशय आहे.

व्हॉइस-ओव्हरला ओठांची कटकट नाही, म्हणून ते सोपं असेल असं वाटतं. पण तिथे वेळ कमी मिळतो. मूळ आवाज आधी थोडा ऐकू यायला हवा, म्हणजे कोण कुठल्या सुरात बोलतंय ते प्रेक्षकाला कळतं. आम्ही 0.6 सेकंद सोडली आणि मूळ वाक्यासोबतच संपायचं ठरवलं. उरली 1.8. पंधरा अक्षरं त्यात कोंबली तर सेकंदाला आठच्या वर जातात, म्हणजे क्रिकेटची कॉमेंट्री. कापावंच लागतं. ‘या ने झ्नाला. निक्तो ने स्काझाल.’ नऊ अक्षरं, सेकंदाला पाच. ‘तू येणार आहेस’ हे गेलं, पण तो बॅग घेऊन दारात उभा दिसतोय, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. इथे ‘या’ परत आला, कारण ओठ बघायचे नसल्यामुळे तो परवडतो. आणि एकाच पुरुषाच्या आवाजात ऐकतानाही ‘झ्नाला’चा शेवटचा ‘आ’ सांगतो की हे बहिणीचं वाक्य आहे.

शेवटचा भाग तेवढ्याच लांबीत वेगळ्या तऱ्हेनेही म्हणता आला असता. ‘म्ने ने स्काझाली’, ‘मला सांगितलं नाही’, कर्ता गाळून. पाच अक्षरं, बोलायला जास्त नैसर्गिक. बाईंनी नाकारलं. चित्रपटाच्या शेवटी उघड होतं की आईला सगळं माहीत होतं आणि तिने मुद्दाम सांगितलं नाही. कर्ता गाळलेल्या वाक्यातून ‘त्यांनी’ सांगितलं नाही असा वास येतो, म्हणजे कोणालातरी माहीत होतं हे वीस मिनिटं आधीच फुटतं. ‘निक्तो’, कोणीच नाही, हे मुलीचं प्रामाणिक अज्ञान आहे.

आमच्या मोजणीची मर्यादाही इथेच सांगतो. स्वर मोजले की ‘व्झग्ल्याद’, म्हणजे नजर, हा शब्द एक अक्षराचा ठरतो आणि ‘ओ’, म्हणजे ‘अरे’, हाही एकच. पहिल्याला जीभ किती कसरत करते! अशा शब्दांची रांग लागली की आकडा हिरवा असूनही नट अडखळतो. बाई त्यासाठी आकड्याकडे न बघता आवाज बंद करून चित्रासोबत ओळ पुटपुटायच्या. तीनदा नीट झाली तर ठेवायची. मग मी तेच बटण केलं: आवाज बंद, ओळ पुन्हा पुन्हा.

शेवटच्या दृश्यात आई म्हणते, ‘आय न्यू.’ मला माहीत होतं. दोन अक्षरं, चेहरा पूर्ण पडदाभर, आणि शेवटी ओठांचा चंबू. रशियनमध्ये ‘झ्नाला’ हा दोनच अक्षरांचा शब्द आहे, पण तो उघड्या ‘आ’वर संपतो. ‘झ्नायू’ तिथे तंतोतंत बसतं, दोन अक्षरं आणि शेवटी चंबू. फक्त त्याचा अर्थ ‘मला माहीत आहे’. ग्राहकाकडच्या एकाने तेच सुचवलं, इतकं काय बदलतं म्हणून. बाई म्हणाल्या, मुलगी दारात ‘ने झ्नाला’ म्हणाली होती, आईने तोच शब्द ‘ने’ काढून परत द्यायला हवा. मग त्यांनी ओळीखाली नटीसाठी एक सूचना लिहिली: जोर पहिल्या अक्षरावर, शेवटचा ‘आ’ जवळजवळ गिळायचा. रशियनमध्ये जोर नसलेला ‘आ’ तसाही पुसट होतो, तोंड फार उघडावं लागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो इतका बारीक आला की ओठांचा चंबू आणि तो स्वर यांच्यातली फट मला फ्रेम थांबवूनच दिसली.