गॅदरिंग, साडेपाचला

लेकीच्या शाळेचं गॅदरिंग शुक्रवारी साडेपाचला, नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं). मी पुण्यात. अंतर १२० किलोमीटर, त्यात वाघोली-शिक्रापूरचा ट्रॅफिक. म्हणजे एकला निघायलाच हवं.

मागच्या वर्षी त्याच दिवशी दुपारी विचारलं होतं, "सर, आज जरा लवकर निघू का?" साहेबांच्या हिशेबात लवकर म्हणजे पाच! पोचलो तेव्हा खुर्च्या गोळा करत होते.

यंदा बुधवारीच मेल टाकला: "शुक्रवारी मुलीचं गॅदरिंग आहे, १ वाजता निघू का? रिपोर्टचा बग गुरुवारी संध्याकाळी टेस्टिंगला देतो. परत आला तर शनिवारी सकाळी घरून बघतो. ५ ते ८ फोन बंद राहील." शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, मग ठेवलं. उत्तर आलं, "ओके."

आणि बग परत आलाच, शुक्रवारी साडेबाराला! तारीख रिकामी ठेवली की रिपोर्ट आडवा. हात शिवशिवत होते, पण टेस्टरला "उद्या सकाळी" सांगून निघालो.

लेक कोळीनृत्यात, तिसऱ्या रांगेत. मला बघितलं आणि स्टेप चुकली.

बगला शनिवारी वीस मिनिटं लागली.