अस्तराचा धडा

इचलकरंजीत आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. मी त्यांच्यातलीच, फरक इतकाच की मशीनच्या वर मोबाईल टांगून कापड बेतण्यापासून हुक लावण्यापर्यंत सगळं चित्रित करते. अस्तराच्या ब्लाउजचा धडा सर्वाधिक पाहिला गेला आणि त्यावरूनच पहिली जाहिरात आली. एका अस्तराच्या कापडाच्या कंपनीची.

पैसे चांगले होते. बदल दोनच हवे होते. धड्याच्या सुरुवातीला मी अस्तर पाण्यात भिजवते, सावलीत वाळवते आणि इस्त्री करते, तो भाग काढायचा. त्या जागी, "हे अस्तर भिजवायची गरज नाही, थेट कापा," असं म्हणायचं. फोनवरच्या बाई गोड बोलत होत्या. "ताई, बघणाऱ्यांना एवढा वेळ कुठे असतो? दोन वाक्यांचा तर प्रश्न आहे."

त्यांच्या दृष्टीने दोन वाक्यं, माझ्या दृष्टीने अख्खा ब्लाउज. सुती कापड विणताना, नंतर धुलाई-रंगाईत, सतत ताणलेलं असतं. पाणी लागलं की धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ लांबीकडे परत येतं. कारखान्यात ते आधीच आटवून घेता येतं, तशी प्रक्रिया आहे. म्हणून कंपनीचं म्हणणं खोटंच असेल असं मी धरलं नाही. नमुना मागवला आणि मोजून पाहिला.

मोजायची रीत सोपी आहे. सुमारे २२ इंचांचा चौकोन कापायचा आणि आत २० इंचांचा चौकोन रंगीत दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी आखायचा. खडूची खूण पाण्यात जाते आणि कडेचे धागे निघतात, म्हणून खूण कडेपासून आत आणि दोऱ्याचीच. उभा धागा कोणता, तेही टाका घालून ठेवायचं. मग कापड पाण्यात पूर्ण बुडवून दोन-तीन तास ठेवायचं, न पिळता वाळवायचं, इस्त्री दाबून उचलायची, ओढत न्यायची नाही. ओढली की आटलेलं कापड पुन्हा ताणलं जातं आणि माप फसतं.

माझ्या नमुन्यात आडव्या धाग्याचे २० इंच पावणेवीस भरले. उभ्या धाग्याचे सव्वाएकोणीस. म्हणजे उभ्यात शंभराला पावणेचार इंच आटलं. आता साडेचौदा इंच उंचीचा ब्लाउज धरा. अस्तर उंचीत अर्धा इंच आखडणार. वरचं कापड पॉलिस्टर मिसळलेलं सिल्क, ते जवळजवळ आटत नाही. दोन्ही एकत्र शिवलेली, मग पहिल्या धुण्यानंतर अस्तर वरच्या कापडाला आत ओढतं. टक्सच्या टोकाशी फुगे येतात, खालची पट्टी वर चढते. ३६ छातीला आडव्यात जाणारा साधारण अर्धा इंच कडेच्या शिलाईतली माया उसवून मिळवता येतो. उंचीला मात्र तसा उपाय नाही, खालची कड पट्टीत बंद झालेली असते. गिऱ्हाईक बाई घरी आरशासमोर उभी राहून समजते की आपलंच अंग सुटलं. मला हे फार लागतं. कापड आटतं आणि दोष बाईच्या शरीराला जातो.

मी कंपनीला मापं आणि फोटो पाठवले. "गरज नाही" हे वाक्य मी म्हणणार नाही, पण तुमचं अस्तर मऊ आहे, रंग जात नाही, हे मी पाहिलंय आणि ते सांगेन, असं कळवलं. पुरेशी माहिती किंवा अनुभव असल्याशिवाय एखाद्या वस्तूची भलामण करू नये, हे केंद्र सरकारच्या २०२२च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. पण ते नसतं तरी माझं उत्तर हेच असतं. धडा बघून शिवणारी मुलगी नवी असते. तिच्याकडे एकच साडीचा पीस असतो, तो बिघडला तर दुसरा मिळत नाही.

बऱ्याच बोलाचालीनंतर भिजवण्याचा भाग राहिला. वाक्य गेलं, ठरलेल्या पैशातला मोठा हिस्साही गेला. चित्रणाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत "जाहिरात" असं लिहिलं. मापाचा चौकोनही दाखवला, आटलेला, कंपनीच्या संमतीने. आधी वाटलं होतं त्या मानाने त्यांनी ते चटकन मान्य केलं.

तुम्ही शिवत असाल, तर अस्तर कोणत्याही कंपनीचं असो, गठ्ठ्यावर काहीही छापलेलं असो, कापण्याआधी त्याचा एक चौकोन भिजवून उभा आणि आडवा मोजा. आणि आटत असेल, तर सगळं अस्तर भिजवून मगच बेता.