आलवण, खादी आणि माई

काशीत दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत पांढरा आणि तांबडा हे दोन रंग एकच गोष्ट सांगत. पंचगंगा घाटाकडे जाणाऱ्या बंगाली विधवा पांढऱ्या वस्त्रात असत. मराठी वाड्यांमधल्या, केशवपन झालेल्या थकलेल्या बायका तांबूस आलवणात असत. माझ्या लहानपणी अशा मराठी बायका थोड्याच उरल्या होत्या. आमच्या तळमजल्यावरच्या माई त्यांतल्या एक. आज मी चित्रपटांच्या वेशभूषेचं जे काही काम करते, त्यातलं पहिलं शिक्षण मला त्यांनी दिलं, आणि ते ऋण मी कधी त्यांच्याजवळ बोलूनही दाखवलं नाही.

माई गोधड्या शिवायच्या. घराघरांतून जुनी धोतरं, लुगडी त्यांच्याकडे येत. कात्री लावण्याआधी प्रत्येक कापड त्या खिडकीच्या उजेडात धरत आणि मला जवळ बोलावत. "हे बघ, हे भिक्षुकाचं. मांडी घालून बसून बसून मागचा भाग विरलाय, सोगा कसा नवाच्या नवा." किंवा, "ही बाई कडेवर पोर घेणारी. एकाच कुशीला कापड गेलंय." काठ सगळ्यांत शेवटी फाटतो, हे त्यांनीच सांगितलं. काठ शाबूत आणि अंग विरलेलं असेल तर ते लुगडं खरोखर नेसून जुनं झालेलं. सगळीकडे सारखं मळलेलं असेल तर ते नुसतं कुठेतरी पडून होतं.

पुढे मुंबईत एका वेशभूषाकारांकडे हाताखाली लागले, तेव्हा 'गांधी' पुन्हा पुन्हा पाहणं हा माझा अभ्यास झाला. १९८२चा हा चित्रपट. वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैया आणि जॉन मोलो यांना मिळून मिळालं. मोलो इंग्रजांच्या पोशाखांची बाजू सांभाळत होते, भारतीय माणसांची भानूताईंकडे होती. जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या या बाईंना मी कधी भेटले नाही. तरी माईंनंतर गुरू म्हणून मी त्यांचंच नाव घेते.

त्या चित्रपटातला माणूस कपड्यांतून कसा बदलतो ते सावकाश पाहावं. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीतून ढकलला जातो तो बॅरिस्टर काळ्या सुटात आहे. कापड दाट, अंगाबरोबर शिवलेलं, गळ्यापर्यंत बंद. पुढे तुरुंगाचे कपडे येतात, आणि त्याच कपड्यांत तो जनरल स्मट्ससमोर उभा राहतो. सुटातल्या माणसाचा मान सुटामुळे होता. इथे कपड्यांनी काहीच मान दिलेला नाही, तरी माणूस ताठ आहे. हा फरक संवादाच्या आधी डोळ्याला कळतो. १९१५ साली मुंबईत बोटीवरून उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर काठियावाडी पोशाख आहे. रंग फिके झालेत, शिलाई सैल झाली आहे, पण कापड अजून भरपूर आहे.

मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवासात नदीकाठचा तो प्रसंग. फाटक्या चिंधीत अंग झाकू पाहणारी बाई समोर आहे. गांधी आपलं पांढरं कापड पाण्यावर सोडतात आणि ते वाहत तिच्याकडे जातं. तिथून पुढे त्यांच्या अंगावरचं कापड कमी कमी होत जातं. प्रत्यक्षात पंचाचा निर्णय त्यांनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईला घेतला. पडद्यावर त्या निर्णयाचं भाषण नाही. कापड कुणाकडे गेलं ते आपण पाहिलेलं असतं, म्हणून पुढचं उघडं अंग आपल्याला दारिद्र्याचं सोंग वाटत नाही. पोशाख बदलला एवढंच दाखवून भागत नाही, आधीचा पोशाख कुठे गेला हे प्रेक्षकाला माहीत असावं लागतं. मला हा या चित्रपटाचा सर्वांत मोठा धडा वाटतो.

कस्तुरबांचा बदल त्याहून अवघड, कारण साडीची साडीच राहते. रोहिणी हट्टंगडींच्या अंगावर आधी रंगीत, काठाची साडी आहे आणि पुढे जाडीभरडी खादी येते. आकार बदलत नाही, तेव्हा सगळं काम कापडाच्या वजनाला आणि पडण्याला करावं लागतं. गिरणीचं मऊ कापड अंगाला चिकटून खाली वाहतं. हातकताईची खादी अंगापासून जरा दूर उभी राहते आणि बाईची चाल बदलते. पोरबंदरला दोघं म्हातारपणी एका परक्या पत्रकाराला आपल्या लग्नाचे विधी करून दाखवतात, तेव्हा लग्नाचा एकही रंग त्यांच्या अंगावर नाही. तो प्रसंग पाहताना मला दर वेळी भरून येतं.

पांढऱ्या कापडाचं एक दुखणं आहे. कोरं शुभ्र कापड उन्हात कॅमेऱ्यासमोर इतकं उजळतं की त्याचं पोत दिसेनासं होतं आणि चेहरा काळवंडतो. म्हणून आम्ही ते चहाच्या पाण्यातून काढतो. खळ जाईपर्यंत धुतो, मग जिथे झिजायला हवं तिथे घासकागद फिरवतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसतं. म्हातारपण आधी चित्रित होतं, तरुणपण मागाहून. त्यामुळे एकाच धोतराच्या चार-पाच जोड्या वेगवेगळ्या जुनेपणाच्या तयार ठेवाव्या लागतात आणि कुठल्या प्रसंगाला कुठली, याचा तक्ता भिंतीवर लावावा लागतो. तक्ता चुकला की दहा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस दुकानातल्या घड्या तशाच असलेल्या सदऱ्यात बाहेर येतो. असली चूक पकडायची तर रंग बघू नये. कॉलर, कोपर आणि गुडघा बघावा. हातात घासकागद घेतला की मला माईंची खिडकी आठवते. मांडी घालणाऱ्या माणसाचं धोतर गुडघ्यावर घासून चालत नाही.

एकदा माझ्यासमोर जुन्या काळातल्या मराठी विधवेची भूमिका आली. दिग्दर्शकांना पांढरी साडी हवी होती. देशभरचा प्रेक्षक तेवढंच ओळखतो, तांबडं दिसलं तर नवी नवरी वाटेल, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं खोटं नव्हतं. रंगाचा अर्थ रंगात नसतो, बघणाऱ्याच्या गल्लीत असतो. पण त्या पात्राला पांढरं नेसवलं असतं तर माई पुसल्या गेल्या असत्या. मी एक तोड सुचवली. आलवण आधी दुसऱ्या, म्हाताऱ्या विधवेच्या अंगावर दिसू दे, तेही दोन-तीन प्रसंगांत, ती कोण हे कळेल असं. मग नायिकेचं हिरवं, जरीकाठी लुगडं तीच म्हातारी घडी घालून पेटीत ठेवते आणि पेटीतून काढते ते आलवण. पडद्यावर या कापडाला काठ ठेवला नाही, कारण हिरव्या लुगड्याचा काठ प्रेक्षकाने नुकताच पाहिलेला असतो आणि डोळा तोच शोधतो. शिवाय नवरीच्या लालपासून ते वेगळं दिसावं म्हणून रंगात तपकिरी झाक वाढवली, आणि कापड रेशमी न घेता बिनचकाकीचं सुती घेतलं.

दिग्दर्शकांनी तो प्रसंग तसाच घेतला. त्या म्हातारीच्या आलवणाला मी खांद्यावर, पदर ओढून डोकं झाकतात त्या जागी, विरवलं होतं. माईंचं तिथेच विरायचं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही, म्हणून ते इथे लिहिलं.